एचडीएमआयवरून कॅमेरा वेबकॅम म्हणून जोडलाय, पण चित्र धक्के खातंय

लयवेल्हाळ

नमस्कार मंडळी. तबल्याचे वर्ग झूमवर घेते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात बोटं नीट दिसत नाहीत म्हणून घरातला सोनी ए6400 जोडला आहे, लेन्स सोबत आलेली 16-50. कॅमेऱ्यातून मायक्रो एचडीएमआय केबल, तिच्या टोकाला यूएसबीचं कॅप्चर डोंगल, डोंगल विंडोज लॅपटॉपमध्ये. चित्र आधी ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये घेते आणि तिथून झूमला देते. कॅमेऱ्यात `HDMI Info. Display` बंद केलंय, त्यामुळे चित्रावर आयएसओ, बॅटरी वगैरे काही येत नाही.

स्थिर बसलं की चित्र सुरेख दिसतं. पण तिरकिट वाजवलं की बोटं एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात, मधलं काही दिसतच नाही. मागच्या भिंतीवर काळसर आडवे पट्टे सावकाश वर सरकत राहतात. थाप कानावर आधी येते आणि हात नंतर पडताना दिसतो. शिवाय बॅटरी दोन तासांचा वर्ग पुरत नाही.

डोंगलच्या खोक्यावर 4K लिहिलंय आणि यूएसबीचं टोक निळं आहे. महागडं कॅप्चर कार्ड घ्यावंच लागेल का?

चहाबाज

डोंगल हवाच कशाला? लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक असतं ना? केबल थेट त्यात लावायची.

विजेरी

चहाबाज, लॅपटॉपचं एचडीएमआय फक्त बाहेर चित्र देण्यासाठी असतं, टीव्ही किंवा प्रोजेक्टरला. कॅमेऱ्याचंही बाहेर देणारंच. दोन देणारे समोरासमोर जोडले तर घेणारं कोणीच नाही, म्हणून मध्ये डोंगल लागतं. ते एचडीएमआय घेतं आणि लॅपटॉपला सांगतं की मी एक वेबकॅम आहे.

लयवेल्हाळ, तुमचे चार प्रश्न वेगवेगळ्या जागचे आहेत, एकेक करून घेऊ. धक्क्यांपासून सुरुवात करा, ते सर्वात सोपं आहे. ओबीएसमध्ये त्या डोंगलवर राइट क्लिक करून `Properties` उघडा. `Resolution/FPS Type` मध्ये `Custom` निवडा, 1920x1080 ठेवा आणि `Video Format` मध्ये सध्या काय आहे ते इथे लिहा. `YUY2` दिसत असेल तर जवळजवळ नक्की तेच कारण आहे. ते `MJPEG` करा आणि एफपीएस 30 ठेवा.

कारण असं. `YUY2` मध्ये चित्र न दाबता जातं, एका ठिपक्याला 2 बाइट. 1920 गुणिले 1080 गुणिले 2 म्हणजे एका फ्रेमला 41 लाख बाइटपेक्षा जास्त. सेकंदाला अशा 30 फ्रेम म्हणजे जवळजवळ 1000 मेगाबिट. यूएसबी 2 ची कागदावरची मर्यादाच 480 मेगाबिट, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते. म्हणून हे स्वस्त डोंगल `YUY2` मध्ये पूर्ण आकाराचं चित्र सेकंदाला फक्त 5 वेळा पाठवतं. तुमची बोटं उड्या मारतात ती याच 5 फ्रेममुळे. `MJPEG` मध्ये डोंगल प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबून पाठवतं, मग त्याच वायरीतून 30 फ्रेम आरामात जातात.

रीळवाला

पण त्यांचं टोक निळं आहे, म्हणजे यूएसबी 3 झालं की. यूएसबी 3 ला 5 गिगाबिट मिळतात, मग जागा पुरत नाही असं कसं?

विजेरी

निळ्या प्लास्टिकवर जाऊ नका. टोक उजेडात धरून आत बघा. यूएसबी 2 ला पुढच्या बाजूला 4 सोनेरी पट्ट्या असतात. खऱ्या यूएसबी 3 ला त्या चारांच्या मागे, आत खोलवर आणखी 5 लहान संपर्क दिसतात, एकूण 9. बाजारातली कितीतरी डोंगलं निळी आहेत आणि आत पट्ट्या चारच.

खोक्यावरचं 4K सुद्धा नीट समजून घ्या. ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं. डोंगल 4K स्वीकारतं, आतल्या आत लहान करतं आणि लॅपटॉपला 1080 देतं. त्यामुळे कॅमेऱ्यातून 4K पाठवून हाती काहीच लागत नाही, कॅमेरा मात्र जास्त तापतो. ए6400 मध्ये `HDMI Resolution` हे `Auto` वरून `1080p` वर आणा. `1080i` वर गेलं तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. आणि `File Format` हे `XAVC S HD` ठेवा.

माळरान

लिनक्सवाल्यांसाठी: अंदाज बांधण्यापेक्षा डोंगललाच विचारा.

```
lsusb -t
v4l2-ctl -d /dev/video0 --list-formats-ext
ffplay -f v4l2 -input_format mjpeg -video_size 1920x1080 -framerate 30 /dev/video0
```

पहिल्या आज्ञेत डोंगलच्या ओळीपुढे 480M दिसलं तर ते यूएसबी 2 वर चाललंय, 5000M दिसलं तर 3 वर. दुसऱ्या आज्ञेत `YUYV` खाली 1920x1080 समोर 5 fps आणि `MJPG` खाली 30 fps असेल, तर विजेरी म्हणतात तेच डोंगल तुमच्याकडे आहे. नुसत्या `lsusb` मध्ये `534d:2109` असा आकडा आला तर आत एमएस2109 ही चिप आहे. दुकानात नावं पन्नास असली तरी आतला प्राणी एकच.

लयवेल्हाळ

विजेरी, तुम्ही म्हणालात तसंच `YUY2` होतं. `MJPEG` केल्याबरोबर तिरकिटातलं प्रत्येक बोट दिसायला लागलं! टोक उजेडात धरून पाहिलं, पट्ट्या चारच आहेत. पट्टे आणि आवाज मात्र अजून तसेच. शटर 1/60 वर आहे, कारण 30 फ्रेमच्या दुप्पट ठेवायचं असं वाचलं होतं. खोलीत दोन एलईडी ट्यूब आहेत.

किनारा_गोवा

पट्ट्यांचं कारण तुम्हीच लिहिलंत, 1/60.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. साधी एलईडी ट्यूब त्यावर सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेरा चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर 1/50 असेल तर प्रत्येक ओळीला बरोबर दोन पूर्ण हेलकावे मिळतात, 1/100 असेल तर बरोबर एक. म्हणजे सगळ्या ओळींना सारखाच उजेड. 1/60 मध्ये दीडाच्या वर, दोनाच्या आत असा अर्धवट हिशोब होतो. मग काही ओळींना उजळलेला भाग जास्त मिळतो, काहींना मंद, आणि त्याचाच पट्टा दिसतो.

शटर मॅन्युअल करा. तबल्यासाठी 1/100 घ्या, बोटं कमी फिस्कटतील. उजेड 60 टक्क्यांवर येईल, तो आयएसओ वाढवून किंवा एक दिवा जवळ आणून भरून काढा. फ्रेम 25 ठेवा की 30, पट्ट्यांना फारसा फरक पडत नाही. शटरच महत्त्वाचं.

जर्सीकर

इथे अमेरिकेत नेमकं उलटं. वीज 60 हर्ट्झची, म्हणून 1/60 किंवा 1/120 स्वच्छ आणि 1/50 ला पट्टे. भारतातून आणलेला कॅमेरा इथे वापरणाऱ्यांनी आणि इथून तिकडे नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. जुळवायचं ते कॅमेरा जिथे विकला गेला त्या देशाशी नाही, भिंतीतल्या विजेशी.

रीळवाला

तरी कॅमेरा पाल या 25 फ्रेमच्या पद्धतीवर ठेवणं हेच बरोबर. 25 फ्रेम, 1/50 शटर, सगळं जुळून येतं.

जर्सीकर

झूम, मीट दोन्ही 30 च्या आसपास चालतात. 25 चं 30 करताना सेकंदाला 5 फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. बोलणाऱ्या माणसाला चालून जाईल, पण द्रुत लयीत चालणाऱ्या हाताला तो बारीक अडखळा जाणवतो. एनटीएससी 30 आणि शटर 1/100 ही जोडी तबल्याला जास्त बरी. पाल-एनटीएससी बदलताना सोनी कार्ड फॉरमॅट करायला लावतो, तेव्हा आधी कार्ड काढून घ्या किंवा रिकामं करा.

रीळवाला

मला 25 चा अडखळा कधी दिसलेला नाही. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी ठरवावं.

फिल्टर_कापी

बॅटरीचं जाऊ द्या, हे कॅमेरे 29 मिनिटांनी आपोआप बंद होतात. युरोपातल्या करामुळे कंपन्यांनी तशी मर्यादा घातली होती. दोन तासांचा वर्ग यावर होणार नाही. कॅमकॉर्डर घ्या.

विजेरी

कराची गोष्ट खरी, पण ती मर्यादा कार्डावर रेकॉर्ड करण्यावर आहे. आपण रेकॉर्डचं बटण दाबतच नाही. कॅमेरा नुसता बघतो आणि एचडीएमआयवर चित्र देत राहतो, तिथे 29 मिनिटांचं घड्याळ चालत नाही. शिवाय ए6400 मध्ये ती मर्यादा मुळातच नाही.

अर्ध्या तासाने बंद पडण्याचा अनुभव येतो तो दुसऱ्याच कारणाने, आणि कॅमेऱ्याप्रमाणे तो बदलतो. कॅननच्या 1500डी वर्गात `Auto power off` बंद केलं तरी लाइव्ह व्ह्यू 30 मिनिटांनी आपणहून मिटतो. सोनीच्या या मॉडेलमध्ये टीव्हीला जोडलेलं असताना वीज-बचत लागू होत नाही आणि डोंगल त्याला टीव्हीच वाटतं.

सोनीत खरा धोका तापण्याचा. `Auto Pwr OFF Temp.` हे `High` करा. ती सोय तिपाईवरच्या कॅमेऱ्यासाठीच आहे, कॅमेरा हातात धरायचा नाही. मागचा स्क्रीन पाठीपासून सुटा करून ठेवा, म्हणजे मागून हवा लागेल.

सांजवात

माझ्याकडे नेमका कॅनन 1500डी आहे. त्याला पण `HDMI Info. Display` सापडत नाहीये. कुठल्या मेनूत असतं?

विजेरी

ताई, त्यात तो पर्याय नाहीच. INFO बटण दाबत गेलात तर बहुतेक आकडे जातात, पण मधली फोकसची पांढरी चौकट एचडीएमआयवरही राहते. म्हणून त्या कॅमेऱ्यासाठी डोंगल घेऊ नका. कॅननचं ईओएस वेबकॅम युटिलिटी घ्या आणि यूएसबीनेच जोडा. केबल मिनी-बी टोकाची लागते, हल्लीच्या फोनची चालत नाही. चित्र 1080 पेक्षा लहान मिळतं आणि आवाज येत नाही, माइक वेगळा लावायचा. झूमच्या वर्गाला तेवढं चित्र पुरतं. कॅननचंच ईओएस युटिलिटी उघडं असेल तर दोघांत कॅमेऱ्यावरून ओढाताण होते, ते आधी बंद करा. 30 मिनिटांची अडचण मात्र तुम्हाला आहेच, मधल्या सुट्टीत लाइव्ह व्ह्यू पुन्हा सुरू करत राहा.

नव्याने घेणाऱ्यांनी विकत घेण्याआधी मॉडेलचं मॅन्युअल उतरवून त्यात स्वच्छ एचडीएमआयचा पर्याय शोधावा. कॅननच्याच 200डी मार्क 2 आणि एम50 मध्ये तो आहे.

सांजवात

बरं झालं विचारलं, डोंगलची ऑर्डर करायच्या बेतात होते. आभार.

उंबरठा

बॅटरीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. ए6400 यूएसबीवर चालतो. `USB Power Supply` चालू करा, लॅपटॉपला जोडा, झालं काम.

विजेरी

अर्धं बरोबर आहे. यूएसबीवर चालतो, पण लॅपटॉपला जोडू नका. लॅपटॉप दिसला की कॅमेरा यूएसबी मोडमध्ये जातो आणि एचडीएमआयवरचं चित्र जातं. शिवाय लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टची ताकद कमी असते. फोनचा चांगला चार्जर भिंतीत लावा आणि कॅमेऱ्यात बॅटरी राहू द्या. तरीही बॅटरी हळूहळू उतरू शकते, म्हणून महत्त्वाच्या वर्गाआधी एकदा रिकामा कॅमेरा तेवढाच वेळ चालू ठेवून टक्के कुठे येतात ते पाहा.

रोजचं काम असेल तर सरळ डमी बॅटरी घ्या. ए6400 ची बॅटरी एनपी-एफडब्ल्यू50, त्याच आकाराचा पोकळ ठोकळा मिळतो आणि त्यातून वायर भिंतीतल्या अडॅप्टरला जाते. बॅटरीच्या दाराच्या कडेला एक बारीक झाकण आहे, वायर तिथून बाहेर काढून दार पूर्ण मिटवा. दार उघडं राहिलं तर कॅमेरा चालूच होत नाही आणि माणूस अडॅप्टरला दोष देत बसतो.

दुसऱ्या कंपनीचा ठोकळा असेल तर कॅमेऱ्यात घालण्याआधी मल्टिमीटरने मोजा. मूळ बॅटरी दोन सेलची, 7.2 व्होल्टची; पूर्ण चार्ज झाली की 8.4 पर्यंत जाते. ठोकळ्यावर त्याहून जास्त व्होल्टेज दिसलं किंवा अधिक-उणे उलटं दिसलं तर तो परत करा. 5 व्होल्टचं यूएसबी वाढवून 8 करणाऱ्या ठोकळ्यांना लहान पॉवरबँक पुरत नाही. फोकस हलला की वीज कमी पडते आणि कॅमेरा मिटतो. वर्ग चालू असताना, दर वेळी लेन्स फिरली की बंद पडतोय असं दिसलं तर तेच समजायचं.

किनारा_गोवा

याला जोडून एक: मायक्रो एचडीएमआयचं भोक अगदी नाजूक, 6 मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्यात कडक अडॅप्टर खोचून त्याला जाड केबल लोंबकळत ठेवू नका. केबलचा प्रत्येक हेलकावा त्या भोकावर येतो आणि आतले टाके सुटतात. सुरुवातीला केबल हलवली की चित्र क्षणभर काळं होतं, हीच त्याची खूण. एका टोकाला मायक्रो, दुसऱ्याला मोठं अशी मऊ, लहान केबल घ्या, आणि कॅमेऱ्याच्या खाली तिपाईलाच चिकटपट्टीने बांधा. ओढ तिपाईवर आली पाहिजे, भोकावर नाही. बोर्ड बदलण्याचा खर्च डोंगलच्या कैक पट असतो.

लयवेल्हाळ

किनारा, 1/100 केलं आणि भिंत एकदम शांत झाली, एकही पट्टा नाही. जर्सीकर, 30 फ्रेमच ठेवलेत. डमी बॅटरी मागवते. आता राहिला आवाज. माइक यूएसबीचा आहे, लॅपटॉपला थेट लावलेला.

उंबरठा

ओबीएसमध्ये `Advanced Audio Properties` उघडा, माइकपुढे `Sync Offset` असतं. तिथे मिलिसेकंद टाकले की आवाज तेवढा उशिरा निघतो. किती टाकायचे ते मोजून काढा. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ओबीएसमध्येच रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा. आवाजाचा उंचवटा आला त्या फ्रेमपासून हात मिटलेले दिसतात त्या फ्रेमपर्यंत मोजा. 30 फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची. चार फ्रेमचा फरक असेल तर 133 टाका.

विजेरी

मोजायची पद्धत उत्तम आहे आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्याने हेच करावं. पण लयवेल्हाळ ओबीएसचा व्हर्च्युअल कॅमेरा झूमला देतात, आणि त्यातून फक्त चित्र जातं. माइक झूमला परस्पर मिळतोय, ओबीएसला वळसा घालून. `Sync Offset` मध्ये काहीही टाकलं तरी विद्यार्थ्यांना फरक पडणार नाही.

त्यापेक्षा आवाज चित्राच्याच गाडीत बसवा. ए6400 ला 3.5 मिमीची माइकची जागा आहे. माइक तिथे लावा, कॅमेऱ्यात `Audio Recording` चालू ठेवा. मग आवाजही एचडीएमआयने डोंगलमध्ये येतो आणि चित्राला होणारा उशीर आवाजालाही होतो. झूमच्या माइकच्या यादीत डोंगल निवडा. बहुतेक ठिकाणी ते `Digital Audio Interface` किंवा `USB Video` अशा काहीतरी नावाने दिसतं.

अट एवढीच की यूएसबीचा माइक तिथे लागणार नाही, 3.5 मिमीचा हवा. आणि शक्य असेल तर ओबीएस मधून काढा, झूमला चित्र आणि आवाज दोन्ही थेट डोंगलमधूनच द्या. ओबीएस उघडं असलं की विंडोजवर ते डोंगल धरून ठेवतं आणि झूमला काळी चौकट मिळते, म्हणून आधी ते बंद करा.

सूरपेटी

तबला शिकवताय म्हणून सांगते. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये `Original sound for musicians` चालू करा. नाहीतर झूम बायाची गुंज हा खोलीतला गोंगाट समजून कापतं आणि विद्यार्थ्याला फक्त टकटक ऐकू येते. कॅमेऱ्यात माइकची पातळीही मॅन्युअल करा. ऑटोवर ठेवली तर प्रत्येक जोरकस थापेनंतर आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो, त्यात दाब-गांस काही कळत नाही.

चहाबाज

एक मूळ शंका. झूम शेवटी सगळ्यांचं चित्र दाबूनच पाठवतं. मग 1080 ची एवढी यातायात करून विद्यार्थ्याच्या फोनवर काय वेगळं पोचणार? दोन-तीन हजारांचा वेबकॅम आणि चांगला दिवा पुरणार नाही?

किनारा_गोवा

रिझोल्यूशनपुरतं तुमचं बरोबर, झूम बहुतेक वेळा 720 किंवा त्याहून कमीच पाठवतं. पण फरक तिथे नाही. वेबकॅमचा सेन्सर नखाएवढाही नसतो, घरातल्या उजेडात त्याच्या चित्रात दाणे नाचत राहतात. दाबणाऱ्या प्रणालीला प्रत्येक दाणा म्हणजे हालचाल वाटते, तिची अर्धी ताकद त्यातच जाते आणि खरी बोटं चिखलासारखी होतात. मोठ्या सेन्सरचं चित्र मुळात स्वच्छ असतं, म्हणून तितक्याच डेटात जास्त तपशील पोचतो. शिवाय 1/100 शटर हातात असणं हा तबल्याला मोठा फायदा. स्वस्त वेबकॅम उजेड कमी झाला की आपल्या मनाने शटर मंद करतो आणि बोटांचा पंखा होतो.

चहाबाज

दिवा चांगला असेल तर दाणेही कमी आणि शटरही मंद होणार नाही. ज्यांच्याकडे कॅमेरा आधीच आहे त्यांनी वापरावा, पण केवळ यासाठी कॅमेरा घेऊ नये, एवढं माझं मत कायम.

रीळवाला

कॅमेरा आहेच तर लेन्सही बदला. 1.4 ची प्राइम लावा, मागची खोली लोण्यासारखी विरघळेल.

जर्सीकर

बोलणाऱ्याला छान, वादकाला नको. एफ/1.4 वर चेहरा स्पष्ट असेल तर पुढचा तबला धूसर होतो, आणि फोकस चेहरा आणि हात यांत हेलपाटे घालतो. 16-50 वरच 30 ते 35 च्या आसपास झूम करा, छिद्र 5.6 ते 8 ठेवा. एकदा दायाँच्या शाईवर फोकस घेऊन मॅन्युअल करून टाका. बैठक हलत नाही, मग ऑटोफोकसला कामच काय? एक लक्षात ठेवा, त्या लेन्सची नळी विजेवर चालते. कॅमेरा बंद-चालू केला की झूम आणि फोकस दोन्ही आपली जागा सोडतात. दर वर्गाआधी पुन्हा लावावं लागेल. व्हाइट बॅलन्सही एकदा लावून कायम करा, नाहीतर रंगीत साडी समोर आली की भिंतीचा रंग बदलतो.

लयवेल्हाळ

माइक कॅमेऱ्यात लावला, ओबीएस काढलं, झूमला डोंगल थेट दिलं. विद्यार्थ्यांच्या बाजूने रेकॉर्ड करून मागवलं, थाप आणि हात एकत्र पडतायत. सूरपेटीताई, बायाची मींड पहिल्यांदा पलीकडे ऐकू गेली, मनापासून आभार.

आता पुढचा विचार. वरून खाली बघणारा दुसरा कॅमेरा लावायचा आहे, फक्त हातांसाठी. भावाचा एम50 मिळेल. तसलंच दुसरं डोंगल घेतलं तर चालेल का?

विजेरी

दोन कॅमेरे म्हणजे ओबीएस परत आणावं लागेल, दोन चित्रं एका चौकटीत बसवायला. ते आलं की चित्राला पुन्हा थोडा उशीर होईल. तो किती, ते तुमच्या लॅपटॉपवर टाळी वाजवूनच कळेल.

डोंगल तसलंच चालेल, दोन गोष्टी सांभाळा. एकाच प्रकारची दोन डोंगलं विंडोजला सारख्याच नावाने दिसतात, त्यांना स्वतःची वेगळी ओळख नसते. कोणतं कुठल्या पोर्टात आहे यावरूनच फरक होतो. पोर्टांवर चिठ्ठ्या चिकटवा आणि कधी अदलाबदल करू नका, नाहीतर वर्ग सुरू होताना चेहऱ्याच्या जागी हात येतील. दुसरं, दोन्ही एका हबमध्ये घालू नका. हबमधल्या सगळ्यांना मिळून एकच 480 वाटून घ्यावं लागतं.

एम50 ला `HDMI info disp` मध्ये `Clean / FHD output` निवडा. त्याची बॅटरी एलपी-ई12 आहे, सोनीचा ठोकळा बसणार नाही. डीआर-ई12 च्या धर्तीचा वेगळा घ्यावा लागेल.

माळरान

लॅपटॉपला दोन बाजूंना पोर्ट असले तरी आत दोन्ही एकाच कंट्रोलरवर असू शकतात. लिनक्सवर अशा वेळी दुसरं डोंगल सुरू करताना `No space left on device` अशी चूक येते. डिस्क भरल्यासारखं वाटतं, पण भरलेली असते यूएसबीची वाट. तसं झालं तर दुसऱ्या डोंगलचं चित्र 1280x720 करून बघा.

लयवेल्हाळ

लॅपटॉपला डावीकडे दोन आणि उजवीकडे एक पोर्ट आहे. आत एकच कंट्रोलर आहे की दोन, हे विंडोजमध्ये कुठे दिसेल?

माळरान

`Device Manager` उघडा, `View` मध्ये `Devices by connection` निवडा. मग `Host Controller` असं लिहिलेल्या यूएसबीच्या ओळी शोधा आणि डोंगल कोणाच्या खाली लटकलंय ते पाहा. मग ते दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावून परत पाहा. ओळ बदलली तर कंट्रोलर दोन.